बाबांना सही करता आली नाही, तर?

*माझे बाबा ७४ वर्षांचे, आई ६८. दोघंच तासगावला राहतात. मी पुण्यात नोकरी करते, धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. बाबा साखर कारखान्यात हेडक्लार्क होते, त्यामुळे घरातला सगळा व्यवहार पहिल्यापासून त्यांच्याच हातात. आईला बँक कोणती ते माहीत आहे, बाकी काही नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला आणि काकूंना पैसेच काढता येईनात. तेव्हापासून मी धसका घेतलाय. बाबांकडे विषय काढला तर म्हणाले, "सगळीकडे तुझ्या आईला नॉमिनी लावलंय. मी मेल्यावर बघा काय ते." आई म्हणते, अभद्र बोलू नकोस. भावाला वाटतं, मी हिशेब मागतेय. बोलायचं कसं आणि नेमकं विचारायचं काय?*

ताई,

नॉमिनी लावलेत हे चांगलंच झालं. मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या शाखांमध्ये. नॉमिनीचा रकाना कोरा ठेवणारी माणसं इतकी पाहिली आहेत की तुमच्या बाबांना मनातल्या मनात शाबासकी दिली. पण "मी मेल्यावर बघा" यातच सगळी मेख आहे. नॉमिनीचा संबंध सुरू होतो तो खातेदार गेल्यानंतर. खातेदार जिवंत आहे, दवाखान्यात आहे आणि त्याला सही करता येत नाही, अशा वेळी नॉमिनी आणि रस्त्यावरचा माणूस बँकेच्या लेखी सारखेच. तुमच्या शेजारच्या काकूंचं बहुधा हेच झालं असणार.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे कुठे काय अडतं ते कळेल. माझ्या एका शाखेत सकाळी दहाला एक बाई आल्या. रात्री यजमानांना झटका आला होता, ते अतिदक्षता विभागात होते, दवाखान्याने ऐंशी हजार भरायला सांगितले होते. यजमानांच्या एकट्याच्या नावावर अकरा लाखांच्या तीन ठेवी, तिन्हींवर नॉमिनी या बाई. बचत खात्यात एक लाख चाळीस हजार, आणि त्या खात्यावर बाईंचं नावही होतं. मला हायसं वाटलं. मग कार्ड काढून पाहिलं तर सूचना होती 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्याने करायचा, दुसऱ्याचा हक्क तो गेल्यावर. माझ्यासमोर जवळजवळ साडेबारा लाख रुपये होते आणि त्यातला एक रुपया मला त्या बाईंना देता येत नव्हता. त्यांनी हातातल्या पाटल्या काढल्या आणि दुपारपर्यंत सोनेतारण कर्ज करून पैसे भरले.

बाराव्या दिवशी यजमान शुद्धीवर आले. उजवा हात गेला होता, बोलणं अडखळत होतं, पण समोरच्याचं सगळं समजत होतं. आमचा एक अधिकारी दवाखान्यात गेला आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे: आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूणही चालते, आणि पैसे कोण घेऊन जाणार ते खातेदाराने दाखवून द्यायचं. काउंटरवरच्या नव्या मुलांना हे ठाऊक नसतं. तेव्हा शाखाधिकाऱ्याकडेच जायचं आणि नियमाचं नाव घेऊन मागणी करायची. मात्र हा सगळा मार्ग माणूस शुद्धीवर असेल तरच. बेशुद्ध माणसाचा अंगठा धरून उमटवला तर तो ठसा कशालाच धरत नाही, आणि घेणारा गोत्यात येतो तो वेगळाच.

त्यामुळे बाबांना विचारायचा पहिला प्रश्न पैसे किती आहेत हा नाही. तो विचारलात की ते मिटून बसणार, आणि भावाचा संशयही खरा ठरल्यासारखा होणार. असं विचारा: "बाबा, तुम्ही तीन आठवडे दवाखान्यात पडून राहिलात, तर आईने कुठल्या खात्यातून पैसे काढायचे, आणि तिची सही तिथे चालते का?" या प्रश्नात मरण नाही, आकडाही नाही, आणि उत्तर द्यायचं आहे ते आईच्या सोयीसाठी. आयुष्यभर कारखान्याचे कागद सांभाळलेल्या माणसाला सही चालणं आणि न चालणं यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. बहुतेक वेळा ते गप्प होतात आणि संध्याकाळी स्वतःच पासबुक काढून बघतात.

विषय काढायला एखादा रोजचा निमित्तमात्र कागद बरा पडतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने स्वतःचीच फाइल माहेरी नेली आणि वडिलांना म्हणाली, "माझ्या ठेवीला नॉमिनी लावायचाय, चार जणांची नावं देता येतात म्हणे, तुम्ही एकदा बघता का?" (हे खरं आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो.) वडिलांनी तिचा फॉर्म तपासला, दोन चुका काढल्या, आणि चहा होईपर्यंत त्यांचं स्वतःचं कपाट उघडलं होतं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला हेही चांगलं निमित्त आहे. बाबांसोबत बँकेत जा, दाखला झाला की तिथेच आईच्या नावाचा विषय काढा. बँकेत सांगणारा तिसरा माणूस असतो, मुलीचं ऐकल्यासारखं होत नाही.

भावाला मागाहून कळवू नका. बोलणं होईल तेव्हा त्याला फोनवर घ्या, स्पीकर सुरू ठेवा. आणि आई स्वयंपाकघरात नको, समोर बसलेली हवी, कारण सगळी व्यवस्था तिच्यासाठी आहे.

आता बँकेत नेमकं काय करायचं ते.

बचत खात्यावर आईचं नाव लावा आणि सूचना 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ठेवा, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकाने सही केली तरी चालते. नाव आधीच असेल तर सूचना कोणती ते पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहा. तिथे बहुधा नुसती 'ई/एस' किंवा 'एफ/एस' अशी आद्याक्षरं असतात. त्या बाईंचे बारा दिवस या एका अक्षरात गेले. पोस्टात याच प्रकाराला 'जॉइंट बी' म्हणतात. 'जॉइंट ए' असेल तर दोघांच्या सह्या लागतात.

मुदत ठेवींचं थोडं निराळं आहे, आणि इथे भले भले फसतात. ठेवीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेलं असलं तरी एकाच्या सहीने पैसे मिळतात ते मुदत संपल्यावर. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे बाबा अतिदक्षता विभागात असताना आईचं नाव असलेली ठेवसुद्धा मोडत नाही. यावर दोन साधे उपाय आहेत. दवाखान्याच्या सुरुवातीच्या दिवसांचे पैसे ठेवीत अडकवू नका. तुमच्या भागातल्या खासगी दवाखान्यांचा विचार करता दीड-दोन लाख तरी दोघांच्या बचत खात्यात पडू देत, व्याज कमी मिळेल ते मिळू दे. आणि एक मोठी ठेव असेल तर पुढच्या वेळी नूतनीकरण करताना तिचे तीन-चार तुकडे करा, वेगवेगळ्या महिन्यांत संपणारे. एखादी तरी लवकर हाताशी येते.

बाबा म्हणतील, आता नाव लावायचं तर ठेव मोडावी लागेल, व्याज बुडेल. तसं नाही. रक्कम आणि मुदत तीच ठेवून मधेच दुसरं नाव घालू द्यायला बँकांना परवानगी आहे. पहिलं नाव बाबांचंच राहतं, त्यामुळे ज्येष्ठ नागरिकाचा दरही तसाच. त्याच वेळी दोघांनी मिळून एक पत्र द्यावं, की आमच्यापैकी एकजण गेल्यास दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडू द्यावी. ही लेखी सूचना नसेल तर एकाच्या निधनानंतर बँक बाकीच्या वारसांची संमती मागते. बंगळुरूहून भावाचे कागद येईपर्यंत आई थांबणार.

दुसरं नाव आईचंच लावा, तुमचं किंवा भावाचं नको. मुलाचं किंवा मुलीचं नाव लागलं की दुसऱ्या भावंडाच्या मनात किडा शिरतो, आणि तो पुढे कोर्टापर्यंत वळवळतो. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पुरेसं पाहिलं आहे.

भाऊ कदाचित म्हणेल, कुलमुखत्यारपत्र करून टाकू, मग प्रश्नच नाही. बाबांचं डोकं शाबूत आहे पण हिंडणं-फिरणं होत नाही, अशा काळात ते कामाचं आहे. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की ते संपतं, मेल्यावर तर संपतंच. म्हणजे कोमात किंवा स्मृती गेल्यावर, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच ते गळून पडतं. मग उरतो तो पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जायचा रस्ता, महिनोन्‌महिन्यांचा आणि वकिलाचा.

आणि एटीएमचा पिन? खरं सांगतो, निम्म्या महाराष्ट्राचं आजारपण त्या पिनवर निभावतं. बँकेच्या नियमात ते बसत नाही, रोजची मर्यादा असते, आणि माणूस गेल्यानंतर त्याच्या कार्डावर पैसे काढले तर भावंडांत आणि बँकेत दोन्हीकडे उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा दोघांच्या खात्यावर आईचं स्वतःचं कार्ड काढा आणि दर महिन्याला तिला एकदा तरी त्यावरून पैसे काढू द्या.

विम्याबद्दल बोलताना पॉलिसी आहे का एवढं विचारून थांबू नका, कागद बघायला मागा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. प्रीमियमची तारीख: वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत मिळते, पॉलिसी जुनी म्हणून टिकते, पण त्या मधल्या दिवसांत आजारी पडलात तर संरक्षण नसतं. दुसरं, प्रस्ताव भरताना मधुमेह, रक्तदाब सांगितला होता का. एजंटाने "कशाला लिहायचं" म्हणून टाळलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर लपवाछपवीच्या नावाखाली कंपनीला सहसा दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पाच वर्षं व्हायची असतील तर कंपनीला लेखी कळवून टाका.

तिसरी गोष्ट खोलीभाड्याची मर्यादा, आणि ही लोकांना डिस्चार्जच्या दिवशीच कळते. समजा पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीभाडं रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही बाबांना नीट झोप लागावी म्हणून ६,००० ची खोली घेतली. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही निम्मे धरते, कारण तुमची खोली मर्यादेच्या दुप्पट होती. अशा खर्चाचे ८० हजार झाले असतील तर ४० हजार तुमच्या खिशातून. औषधं आणि शरीरात बसवलेल्या वस्तू या कापाकापीत येत नाहीत. आईला एवढंच पाठ असू दे: "तीन हजारांच्या आतली खोली द्या."

बाबा सत्तरीच्या पुढचे असल्याने उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतचं 'वय वंदना' कार्ड त्यांना मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. खासगी विमा असला तरी चालतो. आधारची पडताळणी करून ते काढावं लागतं, त्यामुळे माणूस हिंडता-फिरता असतानाच काढा. आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते घेतात ते सांगली-मिरजेपर्यंत चौकशी करून लिहून ठेवा. आई ६८ ची आहे, तिला अजून दोन वर्षं थांबावं लागेल.

आता थोडं नाजूक. वडील बोलत नाहीत यामागे दरवेळी मरणाची भीती नसते. कधी कधी सांगायला लाज वाटण्यासारखं काहीतरी असतं. तुमच्या पट्ट्यात मला दोनच गोष्टी वारंवार दिसल्या. एक म्हणजे पतसंस्थेत अडकलेले पैसे. दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी ठेवलेले, चेअरमन ओळखीचा म्हणून काढले नाहीत, आणि आता मिळत नाहीत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक बँकेमागे ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. पाटीवर 'बँक' शब्द आहे का तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. असे पैसे असतील तर बाबांना दोष देऊ नका, पावत्या मात्र मागून घ्या. मुदत संपलेली असेल तर लेखी मागणी करून त्याची पोच घ्या.

दुसरी गोष्ट जामीनकी. कारखान्यातल्या माणसाने कधी ना कधी सहकाऱ्याच्या कर्जाला सही दिलेली असतेच. कर्जदाराने थकवलं की वसुली जामीनदाराकडे येते, आणि जामीनदार गेला तरी त्याच्या मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती ती वारसांपर्यंत पोचते. हा प्रश्न आईसमोर विचारू नका. बाबांबरोबर शेताकडे किंवा बाजारात चालत जाताना सहज विचारा, "कुणाला जामीन राहिलाय का हो तुम्ही?" समोरासमोर बसून जे येत नाही ते चालताना येतं.

हे सगळं एका वहीत लिहून घ्या, बाबांच्याच अक्षरात. बँक, शाखा, खात्याचा प्रकार, सूचना ई/एस की एफ/एस, नॉमिनी कोण, पावती कुठे ठेवली. आकडे नसले तरी चालतील. पिन आणि पासवर्ड लिहायचे नाहीत. बाबांच्या फोनचं लॉक मात्र आईला उघडता आलं पाहिजे, ओटीपी तिथेच येतो. कपाटात जुनी, विसरलेली पासबुकं निघाली तर फेकू नका. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण मागितले की मिळतात. udgam.rbi.org.in वर नाव टाकून शोधता येतं.

मृत्युपत्राचा विषय या भेटीत काढूच नका. तो लागेल, कारण नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला, मालक म्हणून नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. घर आणि शेत कुणाला, हे बाबांना लिहून ठेवायचं असेल तर साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, फक्त ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. पण हे सहा महिन्यांनी. आधी आईचं नाव खात्यावर चढू दे, त्याने काही बिघडत नाही हे बाबांना दिसू दे.

एक काम मात्र बँकेत जायच्या आदल्या रात्री करा. आईला कोऱ्या कागदावर चार-पाच सह्या करायला सांगा. नमुना सहीचं कार्ड भरताना बायका बिचकतात, एक सही मराठीत होते, एक इंग्रजीत, तिसरी अर्धीच. आणि पुढे बरोबर त्या दिवशी, पैसे हवे असतात तेव्हा, सही जुळत नाही म्हणून स्लिप परत येते. आधारवर, पॅनवर आणि पासबुकात तिचं नाव सारखं आहे का, कुठे माहेरचं नाव राहिलंय का, तेही तेव्हाच पाहून घ्या. तिला जी सही सहज येते तीच कार्डावर करू दे, मग ती "वेडीवाकडी आहे" असं बाबांनी कितीही म्हटलं तरी.